मूल कोणाचं? गुलामगिरी, इस्टेट, जात आणि वर्ग यांची तुलना कशी लिहावी

प्रश्न : "सामाजिक स्तरीकरणाच्या चार पद्धतींची तुलना करा, हा प्रश्न मी प्रत्येक वेळी चार रकान्यांचा तक्ता मनात ठेवून लिहितो. मुद्दे सगळे येतात, तरी गुण निम्म्यावरच अडतात. 'तुलना नाही, नुसती वर्णनं आहेत' असा शेरा मिळतो. मग तुलना करायची म्हणजे नेमकं काय करायचं?"

शेरा बरोबर आहे. मी बरीच वर्षं हे पेपर तपासतो. शंभरातल्या नव्वद उत्तरांत गुलामगिरीवर एक परिच्छेद असतो, मग इस्टेटवर, मग जातीवर आणि शेवटी वर्गावर. त्यानंतर "अशा प्रकारे जात बंदिस्त व वर्ग खुला आहे" हे वाक्य येतं आणि उत्तर संपतं. चार माणसांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले म्हणून तुलना होत नाही. चौघांना एकच प्रश्न विचारला आणि चार वेगळी उत्तरं आली, की तुलना सुरू होते.

तो प्रश्न निवडणं हेच तुमचं काम. मी सुचवतो तो असा : आई एका पायरीवरची आणि बाप दुसऱ्या पायरीवरचा असेल, तर त्यांचं मूल कोणत्या पायरीवर जातं, आणि हे ठरवतं कोण? स्तरीकरण एका पिढीत उभं राहत नाही. पायरी पुढच्या पिढीकडे जाते तेव्हाच तिची व्यवस्था होते, आणि ती कशी जाते हे सरळ प्रकरणात दिसत नाही. गुलाम आईबापाचं मूल गुलाम आणि सरदार आईबापाचं सरदार, यात कळण्यासारखं काही नाही. प्रकरण तिरकं झालं की व्यवस्थेला आपला नियम उघड बोलून दाखवावा लागतो.

गुलामगिरीपासून सुरुवात करा, कारण तिथे हा नियम अक्षरशः कागदावर उतरताना दिसतो. सतराव्या शतकात व्हर्जिनिया ही उत्तर अमेरिकेतली इंग्रजांची वसाहत होती. तिथे एलिझाबेथ की नावाची एक बाई होती. आई आफ्रिकी गुलाम, बाप इंग्रज आणि वसाहतीच्या विधिमंडळाचा सदस्य. बापाने तिला ठरावीक वर्षांच्या करारावर दुसऱ्याच्या ताब्यात दिलं होतं. पुढे ती आणखी एकाकडे गेली, कराराची मुदत कधीच उलटली आणि तो मालकही वारला. त्याच्या मालमत्तेची मोजदाद करणाऱ्यांनी तिला गुलामांच्या यादीत धरलं. ती कोर्टात गेली. तिचं म्हणणं तीन पायांवर उभं होतं : इंग्रजी कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरतो आणि माझा बाप स्वतंत्र इंग्रज होता; माझा बाप्तिस्मा झालेला आहे; आणि माझ्या कराराची मुदत संपली आहे. खटला खालीवर झाला, पण १६५६ मध्ये ती सुटली.

पुढचं खरं महत्त्वाचं. १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला. इंग्रज पुरुषापासून काळ्या बाईला झालेलं मूल गुलाम की स्वतंत्र, याबद्दल शंका निर्माण झाली आहे असं त्यात सरळ म्हटलं, आणि मूल आईच्या स्थितीप्रमाणे बांधलेलं किंवा मोकळं राहील असं ठरवून टाकलं. १६६७ मध्ये बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती बदलत नाही असा दुसरा कायदा आला. एलिझाबेथने वापरलेल्या तीन दारांपैकी दोन अशी बंद झाली.

आईवरून दर्जा ठरवण्याचा हा नियम रोमन कायद्यातून आलेला. जनावरांच्या मालकीलाही तोच लागू होता : गाय ज्याची, वासरू त्याचं. परीक्षेत "गुलाम ही मालकाची मालमत्ता असते" हे वाक्य सगळेच लिहितात. ते वाक्य खरं म्हणजे काय, हे इथे दिसतं. मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तरी जन्मणाऱ्या मुलाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, उलट त्याच्या मालमत्तेत भर पडते. बाप असणं कायद्याने पुसलं जातं. ऑर्लँडो पॅटरसन यांनी गुलामीला 'सामाजिक मृत्यू' म्हटलं आणि गुलामाचं आपल्या रक्ताच्या नात्यांवरचं हक्क सांगणं तोडलं जातं यावर भर दिला, तो याच अर्थाने.

पण इथेच थांबलात तर तुम्ही अमेरिकेचीच गुलामगिरी सगळ्या गुलामगिरीवर लादाल, आणि ही चूक तपासणाऱ्याला लगेच दिसते. इस्लामी कायद्यात मालकाने आपलं म्हणून मान्य केलेलं दासीपुत्र स्वतंत्र जन्मतं. कित्येक ऑटोमन सुलतान दासीच्या पोटचे होते. ब्राझीलने १८७१ मध्ये कायदा करून गुलाम आईचं यापुढचं मूल स्वतंत्र ठरवलं, आई मात्र गुलामच राहिली आणि मूलही एकवीस वर्षांचं होईपर्यंत मालकाच्या कामाला जुंपलेलं राहू शकत होतं. तिथली गुलामगिरी पूर्ण संपली ती १८८८ मध्ये. म्हणजे गुलामगिरी वंशपरंपरेने चालतेच असं नाही. ती कशी चालावी हे कायदा ठरवतो, आणि ज्या लेखणीने ते ठरतं तिनेच ते खोडताही येतं. व्यक्तीही तशीच सुटू शकते. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मोगलांना वर्षानुवर्षं थोपवणारा मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. हे उदाहरण आपल्या इतक्या जवळचं असून उत्तरपत्रिकेत कधी दिसत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता इस्टेट. आधी एक घोटाळा मिटवू. मराठीत 'इस्टेट' म्हटलं की घरदार आणि जमीनजुमला डोळ्यांसमोर येतो, आणि मग विद्यार्थी जमीनदारी पद्धतीवर पानभर लिहून मोकळे होतात. इथे इस्टेट म्हणजे कायद्याने वेगळे हक्क आणि वेगळी कर्तव्यं असलेली सामाजिक श्रेणी. मध्ययुगीन युरोपात धर्मगुरू, सरदार आणि बाकीची प्रजा अशा तीन श्रेणी मानल्या जात. सरदार गरीब असला तरी सरदारच, व्यापारी गडगंज असला तरी तिसऱ्या श्रेणीतलाच.

आपला प्रश्न इथे विचारा. क्रांतीपूर्व फ्रान्समध्ये सरदार बापाचं मूल साधारणपणे सरदार, आई कोणीही असो. उलट सरदार घराण्यातल्या मुलीने सामान्य माणसाशी लग्न केलं तर मुलं सामान्य. म्हणजे नियम गुलामगिरीच्या बरोबर उलटा, दर्जा बापाकडून. याचं कारण उघड आहे. गुलामगिरीत पुढे न्यायची असते मालकी, आणि मूल कोणाच्या पोटचं याबद्दल वाद नसतो. इस्टेटमध्ये पुढे न्यायचे असतात विशेषाधिकार : नाव, पदवी, 'ताय' नावाच्या करातून सूट. ते घराण्याच्या नावाबरोबर जातात आणि नाव बापाचं.

सगळीकडे एवढंही सैल नव्हतं. जर्मन राजघराण्यांत आणि ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यात नवराबायको दोघंही तोलामोलाची लागत. युवराज फ्रांझ फर्डिनांडने १९०० मध्ये सोफी खोतेकशी लग्न केलं. ती काउंट घराण्यातली होती, म्हणजे सरदारांची मुलगीच, पण राज्य करणाऱ्या घराण्यांच्या पंक्तीतली नव्हे. लग्नाच्या तीन दिवस आधी त्याला शपथेवर लिहून द्यावं लागलं की होणाऱ्या मुलांना सिंहासनावर हक्क राहणार नाही. १९१४ मध्ये साराजेव्होत दोघांचा खून झाला आणि पहिलं महायुद्ध पेटलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांची मुलं मात्र गादीच्या रांगेत कधीच नव्हती. लग्न वैध, मुलं औरस, तरी बापाची श्रेणी त्यांना मिळाली नाही. जातीच्या अगदी जवळ जाणारं हे उदाहरण आहे. फरक एवढाच, की त्या मुलांना कोणी अपवित्र मानलं नाही.

इस्टेटची आणखी एक गंमत तुलनेत वापरता येते. पहिली श्रेणी धर्मगुरूंची, आणि त्यांना ब्रह्मचर्य सक्तीचं. म्हणजे एक आख्खी श्रेणी जन्माने भरतच नव्हती, दर पिढीला बाहेरून भरावी लागे. या दाराने शेतकऱ्याचा मुलगाही पहिल्या श्रेणीत जाई, पण गावचा पाद्री म्हणून. १७८९ च्या सुमारास फ्रान्सचे बिशप जवळपास सगळे सरदार घराण्यांतले होते. शिवाय पैसे मोजूनही वर चढता येई. राजाच्या सचिवाचं पद विकत घेऊन वीस वर्षं सांभाळलं, किंवा त्या पदावर असतानाच मरण आलं, की घराणं सरदार. लोक या पदाला हलक्या कुळाचा मळ धुणारा साबण म्हणत. "इस्टेट पद्धती जातीसारखीच बंदिस्त" असं लिहिण्याआधी हा साबण आठवा.

आता जात. इथे सर्वात जास्त जागा द्या, कारण आपल्या प्रश्नाला जात जे उत्तर देते ते इतर तिघांच्या जातीचं नाही, असं म्हणायला हरकत नाही. गुलामगिरी विचारते, आई कोण. इस्टेट विचारते, बाप कोण. जात विचारते, हे लग्न झालंच कसं?

बेटीव्यवहार जातीच्या आत ठेवणं हाच जातीचा कणा, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडलं. त्यातली मांडणी जवळजवळ हिशेबासारखी आहे. एखाद्या गटाला आतल्या आतच लग्नं लावायची असतील, तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारखे हवेत. नवरा मेला की बाई 'जास्त' होते. ती गटाबाहेर लग्न करील किंवा गटातल्या एखाद्या मुलीचा वाटा घेईल. म्हणून तिला जाळायचं किंवा सक्तीचं वैधव्य द्यायचं. बायको मेलेला पुरुषही 'जास्त' होतो, पण त्याला गमावणं गटाला परवडत नाही. म्हणून त्याच्यासाठी अजून वयात न आलेली मुलगी आणायची. सती, विधवाविवाहबंदी आणि बालविवाह या तीन प्रथा एकाच हिशेबातून निघतात. घुर्ये यांनी सांगितलेली जातीची सहा लक्षणं तुम्ही पाठ केलेली असणारच. ती एका ओळीत उरका आणि हा एक हिशेब नीट उलगडा. मला विचाराल तर सहा लक्षणांच्या यादीपेक्षा याला जास्त गुण आहेत.

मग तिरक्या लग्नातलं मूल? धर्मशास्त्राने वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची स्त्री याला अनुलोम म्हटलं आणि ते कसंबसं सोसलं. उलट्या लग्नाला प्रतिलोम म्हटलं आणि त्याची शिक्षा मुलावर टाकली. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांचं मूल मनुस्मृतीत चांडाळ ठरतं, म्हणजे आई आणि बाप दोघांच्याही खाली. आपल्या चार पद्धतींत मूल दोन्ही पालकांच्या खाली ढकललं जाण्याचा नियम फक्त इथे सापडतो. आता खऱ्या अस्पृश्य जाती अशा संकरातून झाल्या असं समजू नका, आणि चुकून तसं लिहूही नका. ते शास्त्रकारांनी मागाहून जुळवलेलं स्पष्टीकरण आहे. पण व्यवस्था कशाला घाबरते ते त्यातून कळतं.

व्यवहारात काय होई ते पाहायचं तर केरळचं उदाहरण घ्या. नंबुद्री ब्राह्मणांत थोरला मुलगाच जातीत लग्न करी. धाकटे नायर स्त्रियांशी 'संबंधम्' करत. नायर मातृवंशीय होते, त्यामुळे मुलं आईच्या तरवाडात, म्हणजे आईच्या कुळाच्या घरात, नायर म्हणून वाढत. बाप त्यांच्या पंक्तीला जेवू शकत नसे. नंबुद्रींच्या दृष्टीने ते लग्नच नव्हतं, नायरांच्या दृष्टीने मुलं पूर्णपणे त्यांची होती. एकच मूल, दोन जातींचे दोन हिशेब, आणि दोन्ही बंद खात्यांत कुठेही गळती नाही. वर्ण आणि जात यांतला फरक सांगायलाही हे उदाहरण चालतं : वर्णाच्या पोथीत हे अनुलोम, जातीच्या व्यवहारात मात्र मूल कोणत्या कुळात वाढतं यावर सगळं.

मग ठरवतं कोण? गुलामगिरीत आणि इस्टेटमध्ये राजाची किंवा विधिमंडळाची लेखणी. जातीत जातपंचायत, भाऊबंद, पंगत. म्हणून लेखणी फिरली तरी जात जात नाही. भारतात हिंदूंच्या जातीबाहेरच्या लग्नांची वैधता १९४९ च्या कायद्याने पक्की केली. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. तरी २०११-१२ च्या भारतीय मानवी विकास सर्वेक्षणात जातीबाहेरची लग्नं सुमारे पाच टक्केच निघाली.

कायद्यालाही शेवटी या प्रश्नाला हात घालावा लागला. २०१२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला : बाप पुढारलेल्या जातीचा, आई अनुसूचित जमातीची, मुलाला दाखला कोणता? न्यायालयाने म्हटलं, मूल बापाच्या जातीचं असं गृहीत धरता येतं, पण ते गृहीतक अंतिम नाही. आपण आईच्या समाजात वाढलो, त्या समाजाने आपल्याला आपलं मानलं, आणि त्या समाजाच्या वाट्याला येणारे अपमान आणि उणिवा आपणही सोसल्या, हे मुलाला पुराव्याने दाखवता येतं. बघा, शेवटी मोजलं गेलं ते रक्त नव्हे, वागणूक. हे प्रकरण उत्तरात आलं की तपासणारा पेन खाली ठेवून वाचतो.

जातीत वर जाता येत नाही का? येतं, पण सहसा एकट्याला नाही. एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण म्हटलं ते आख्ख्या जातीचं चढणं आहे : मांसाहार सोडायचा, विधवाविवाह बंद करायचा, नाव बदलायचं, आणि दोनतीन पिढ्या दावा लावून धरायचा. १९०१ च्या जनगणनेत जातींचा सामाजिक क्रम लावायला घेतला तेव्हा वरच्या जागेसाठी अर्जांचा पाऊस पडला, तो याच दाव्यांचा. शिडीवरची जागा बदलते, शिडी तशीच राहते.

वर्गावर थोडक्यात भागवा. इथे आपल्या प्रश्नाला उत्तरच नसतं, आणि तेच उत्तर आहे. कारखान्यातल्या कामगाराची मुलगी आणि सर्जन यांचं मूल कोणत्या वर्गाचं, हे सांगणारा कायदा नाही, पोथी नाही, पंचायत नाही. जातीचा दाखला एकदा मिळाला की जन्मभर चालतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते आणि नवा काढावा लागतो. वर्गाचं स्वरूप सांगायला मला यापेक्षा सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

नियम नाही म्हणून वर्ग पुढच्या पिढीकडे जात नाही असं मात्र नाही. तो शाळेतून, घरातल्या पुस्तकांतून, ओळखींतून आणि वारशाच्या घरातून जातो. वेबर ज्याला जीवनसंधी म्हणतात त्या अशा हळूहळू वाटल्या जातात. लग्नंही बहुतेक आपल्यासारख्या शिक्षणाच्या आणि उत्पन्नाच्या माणसाशीच होतात, फक्त ती कोणी लावून दिलेली नसतात. मिश्र घराचा प्रश्न वर्गाच्या अभ्यासकांनाही चुकला नाही. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये गोल्डथोर्प म्हणाले की कुटुंबाचा वर्ग पुरुषाच्या नोकरीवरून धरावा. स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यांना धारेवर धरलं : बायको शिक्षिका आणि नवरा मजूर असेल तर ते घर मजुराचं कसं? हा वाद समाजाने घातलेला नव्हता, संशोधकांनी घातलेला होता. समाजाला तो ठरवण्याची गरजच पडली नव्हती.

एक सावधगिरी. या चार पद्धती एकामागून एक येणारे टप्पे आहेत असं लिहू नका. त्या एकाच ठिकाणी, एकाच माणसावर एकत्र बसतात. मलबारमध्ये पुलया जातीचे शेतमजूर जमिनीबरोबर विकले जात. ते जातीने अस्पृश्य होते आणि गुलामही. १८४३ च्या कायद्याने ब्रिटिश भारतात गुलामीला कोर्टाचा आधार राहिला नाही, पण त्या माणसाला सवर्णापासून किती अंतरावर थांबायचं हे कायद्याने कुठे बदललं? एक व्यवस्था सुटली, दुसरी अंगावर राहिली.

वेळ उरला तर शेवटचा परिच्छेद पुन्हा व्हर्जिनियावर न्या. गुलामगिरी तिथे १८६५ मध्ये संपली, म्हणजे आईवरून मूल गुलाम ठरवणारा १६६२ चा नियम निकालात निघाला. पण गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी, जी १६९१ पासून कोणत्या ना कोणत्या रूपात होती, ती १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द करेपर्यंत टिकली. मालकी गेल्यावर शंभर वर्षं ती रेषा लग्नावर तगून होती. लॉइड वॉर्नर यांनी १९३६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या रेषेला जातच म्हटलं. ऑलिव्हर कॉक्स यांनी कडाडून विरोध केला : ही भांडवलशाहीच्या स्वस्त मजुरीसाठी उभी केलेली वंशाची दरी आहे, हिंदू समाजातल्या जातीशी तिची गल्लत करू नका. परीक्षेत बाजू कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवा. मी वॉर्नर यांच्याकडे झुकतो, कारण बंदी लग्नावर होती. पण कॉक्स यांचा एक आक्षेप मला अजून पुरता खोडता आलेला नाही : तिथे ती रेषा राखायला १९६७ पर्यंत पोलीस आणि तुरुंग लागत होते, आणि इथे भाऊबंद पुरत.